घरकर्जाचा हप्ता कमी करून घेण्यासाठी बँकेला पत्र : मसुदा कोणी तपासून देईल का?

सुमेधा_ऐरोली

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो. नवरा महापेच्या एका कंपनीत अकाउंट्सला होता. मागच्या महिन्यात कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. त्याच्या हातात 62 हजार पडायचे, माझ्या 41. तो सध्या तुर्भ्याच्या मार्केटमधल्या दोन गाळेवाल्यांचे हिशेब लिहितो, त्यातून 15 हजार सुटतात. म्हणजे 1 लाख 3 हजारांवरून आम्ही 56 हजारांवर आलो.

घरकर्ज दोघांच्या नावावर. शिल्लक 34 लाख, व्याज 8.50 टक्के, 192 हप्ते बाकी, हप्ता 32,450. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही आणि या महिन्याचाही जाईल. पुढचे कठीण दिसते. बँकेला द्यायचे पत्र मी असे लिहिले आहे :

"महोदय, आमच्या कुटुंबावर अचानक मोठे आर्थिक संकट कोसळले असून घर चालवणेही मुश्कील झाले आहे. आम्ही आपले जुने व प्रामाणिक ग्राहक आहोत. तरी आमच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून कर्जफेडीत योग्य ती सवलत द्यावी, ही नम्र विनंती."

अजून काय घालू?

मिलिंद_घोडबंदर

ताई, पत्रबित्र कशाला? रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, नोकरी गेली तर सहा महिने हप्ता थांबवता येतो. मोरेटोरियम म्हणतात त्याला. मी स्वतः घेतलाय. बँकेच्या अ‍ॅपवर एक बटण होतं, दाबलं की झालं.

खातेवही

मिलिंदराव, ते 2020 चं. मार्च ते ऑगस्ट 2020 असा तो मोरेटोरियम होता, कोविडपुरता. त्यानंतर वैयक्तिक कर्जदारांसाठी पुनर्रचनेच्या दोन खास योजना आल्या, त्यातल्या दुसरीची दारं 30 सप्टेंबर 2021 ला बंद झाली. आज "माझी नोकरी गेली, हप्ता थांबवा" असा हक्क कर्जदाराला नाही. बँक आपल्या धोरणात बसवून देऊ शकते, आणि तिने द्यावं म्हणूनच पत्र लागतं.

सुमेधाताई, मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. तुमच्या पत्रात चूक काही नाही, पण मागणीही काही नाही. "योग्य ती सवलत" वाचून अधिकारी काय करणार? त्याला वरच्याला टिपण पाठवावं लागतं. त्यात हप्ता कितीचा किती, कधीपासून, किती काळ आणि हे लोक तो कशातून भरणार, असे चार आकडे लागतात. ते तुम्ही दिले नाहीत तर तो तुम्हाला परत बोलावतो किंवा कागद तसाच पडून राहतो.

आधी तीन गोष्टी सांगा. घरखर्च किती? कंपनीकडून फुल अँड फायनल किती यायचंय? आणि तुमची दोघांची वयं?

वैजयंती कळवा

मी यातून गेले आहे म्हणून सांगते, बँकवाल्यांशी फोनवर घासाघीस करा. माझ्या क्रेडिट कार्डाचे 1 लाख 80 हजार झाले होते, शेवटी 70 हजारांत मिटवले. पत्र वगैरे काही नाही.

अनघा_पाचपाखाडी

वैजयंतीताई, तुमचं कार्ड होतं, म्हणजे तारण काही नव्हतं. इथे फ्लॅट गहाण आहे, बँक कशाला सोडेल? शिवाय सिबिलवर तुमच्या खात्यापुढे "सेटल्ड" असं आलं असेल ना?

वैजयंती कळवा

आलंय. अजून कोणी कर्ज देत नाही. पण तेव्हा गळ्याशी आलं होतं हो.

सुमेधा_ऐरोली

खातेवहीकाका, खर्च असा : किराणा, दूध, गॅस 14 हजार, मुलीची शाळा 5 हजार, सोसायटीचा मेंटेनन्स 3,600, वीज-मोबाइल 2,900, सासूबाईंची औषधं 3,500, जाण्यायेण्याचे अडीच हजार. एकूण साडेएकतीस. फुल अँड फायनल साधारण सव्वा लाख, पण कधी येईल ते सांगत नाहीत. नवरा 42 चा, मी 37 ची. मला वाटत होतं मुदत पाच-सहा वर्षं वाढवली की हप्ता निम्म्यावर येईल.

हिशोबी

निम्म्यावर नाही येणार. 34 लाखांवर 8.50 ने महिन्याचं नुसतं व्याजच 24,083 होतं. मुदत कितीही ताणा, हप्ता त्याच्या खाली जाऊ शकत नाही. 192 चे 264 हप्ते केले, म्हणजे सहा वर्षं वाढवली, तरी हप्ता 28,500 च्या आसपास. सुटले फक्त चार हजार.

मोरेटोरियम बँकेने दिलाच समजा, तर त्याचंही गणित पाहा. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात चढून 34 लाखांचे 35 लाख 47 हजार होतात. नंतर तोच 32,450 चा हप्ता चालू ठेवला तर 192 ऐवजी 211 हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या सुटकेला जादा 19 हप्ते, सहा लाखांच्या वर.

तुमच्याकडे खर्च जाऊन 24,500 उरतात. म्हणजे नुसतं व्याज जेमतेम निघतं. मुदत वाढवूनही चार हजारांची फट राहते.

पामबीच

मग कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा ना. आमच्या ऑफिसातल्या एकाने साडेआठचं साडेसातला नेलं, हप्ता कमी झाला.

खातेवही

पामबीच, त्याला पगार होता. नवी बँक नवराबायको दोघांच्याही सॅलरी स्लिपा मागणार, आणि एकट्या 41 हजारांवर 34 लाख बसणार नाहीत. तो रस्ता आज बंद आहे. पण तुम्ही बोट बरोबर जागी ठेवलंत.

सुमेधाताई, तुमची बँक आज नव्या घरकर्जाला किती दर लावते ते पाहा. 2025 मध्ये रेपो दर बराच खाली आला, तरी जुन्या कर्जांवर बँकेने पूर्वी लावलेलं मार्जिन तसंच राहतं. बहुतेक बँकांत ठरावीक शुल्क भरून जुना ग्राहक नव्या दरावर येऊ शकतो. त्याला कन्व्हर्जन म्हणतात. तो सगळ्यांना खुला पर्याय आहे, त्यात अडचणीत असल्याचा प्रश्न येत नाही. हप्ते वेळेवर असताना अर्ज दिला तर सहसा अडत नाही. एक हप्ता बाउन्स झाल्यावर गेलात तर "आधी खातं नियमित करा" म्हणतील. तेव्हा हे या महिन्यातच करा.

सुमेधा_ऐरोली

आत्ताच वेबसाइट पाहिली. नव्यांना 7.75 आहे! आम्हाला कोणी सांगितलंही नाही.

हिशोबी

7.75 ला, मुदत तीच ठेवून हप्ता 30,950. तोच 264 महिन्यांवर नेला तर 26,870. तुमचे उरतात 24,500, म्हणजे फट 2,370 ची. वर्षाला साडेअठ्ठावीस हजार. सव्वा लाखातून चार वर्षं निघतील.

एक पाहा मात्र. कन्व्हर्जन झाल्यावर बँका बहुतेक वेळा हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. "मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा" असं अर्जावरच लिहून द्या.

नितळ

माझी एक सूचना. पत्रात रिस्ट्रक्चरिंग म्हणजे पुनर्रचना हा शब्दच लिहू नका. लिहिलात की खातं एनपीए करतात, म्हणजे बुडीत कर्जात टाकतात. नुसतं "मुदतवाढ" लिहा, काही होत नाही.

खातेवही

नितळ, अर्धं बरोबर. कुठला शब्द लिहिला यावर बँक ठरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 7 जून 2019 च्या चौकटीतून आलेली कसोटी अशी आहे की कर्जदार आर्थिक अडचणीत आहे आणि त्या कारणाने बँकेने एरवी दिली नसती अशी सवलत दिली, तर ती पुनर्रचना. मग हप्ते नियमित असलेलं खातंही खाली घसरून सबस्टँडर्ड होतं, म्हणजे एनपीएच. वर यायला पुढे किमान वर्षभर सगळे हप्ते चोख भरावे लागतात. सिबिलवर रिस्ट्रक्चर्ड अशी नोंद जाते. कर्ज दोघांच्या नावावर असल्याने ती नोंद सुमेधाताईंच्या नावावरही जाईल, ज्यांची नोकरी शाबूत आहे. लोकांना हे नंतर कळतं.

उलट, व्याजदर बदलताना जो पर्याय बँक कोणालाही देते, तो सवलतीत धरत नाहीत. कन्व्हर्जन तसं आहे. सहा वर्षांची मुदतवाढ मात्र कुंपणावर बसते. काही बँका मूळ धोरणातली कमाल मुदत आणि वयाची मर्यादा पाळली तर ती साधा बदल धरतात. काही बँका नोकरी गेल्याचं वाचलं की पुनर्रचनेच्या खान्यात टाकतात. तुमची बँक कुठे टाकेल हे मी इथून सांगू शकत नाही.

म्हणून दोन वेगळे अर्ज करा. आधी कन्व्हर्जन, बँकेच्या छापील फॉर्मवर. तो मंजूर झाला की मुदतवाढीचं पत्र, आणि त्यात सरळ प्रश्न विचारा की याची नोंद पुनर्रचना म्हणून होणार का. उत्तर "हो" आलं तर सही करायची की नाही हे ठरवायची संधी उरते.

अनघा_पाचपाखाडी

म्हणजे नोकरी गेल्याचं लपवायचं? हे मला पटत नाही.

खातेवही

लपवायचं नाही. कन्व्हर्जनच्या फॉर्मवर तो प्रश्नच नसतो. कोणी विचारलं तर खरं सांगायचं. मुदतवाढीच्या पत्रात तर कारण लिहायचंच आहे. हा मसुदा घ्या :

"प्रति, शाखा व्यवस्थापक (प्रत : लोन सेंटर)
विषय : घरकर्ज खाते क्र. ____ : मुदत 192 वरून 264 महिने करण्याबाबत

महोदय,
वरील कर्ज आम्ही दोघे पतिपत्नी कर्जदार म्हणून फेडत आहोत. आजपर्यंतचे सर्व हप्ते ठरल्या तारखेला भरले असून थकबाकी नाही.

दि. ____ रोजी पहिल्या कर्जदाराची नोकरी विभाग बंद झाल्याने गेली. घरातील मासिक उत्पन्न 1,03,000 रुपयांवरून 56,000 रुपये झाले आहे (सहकर्जदाराचा पगार 41,000, पहिल्या कर्जदाराचे हिशेबलेखनाचे काम 15,000). घरखर्च 31,500 रुपये आहे. तपशील सोबत जोडला आहे. हप्त्यासाठी दरमहा 24,500 रुपये उरतात.

दि. ____ पासून व्याजदर 7.75 टक्के झाला असून हप्ता 30,950 रुपये आहे. मुदत 264 महिने केल्यास हप्ता अंदाजे 26,870 रुपये होईल. कमी पडणारे दरमहा 2,370 रुपये कंपनीकडून येणाऱ्या अंतिम रकमेतून (अंदाजे 1,25,000 रुपये) व ती येईपर्यंत बचतीतून भरू. वाढीव मुदत संपताना सहकर्जदाराचे वय 59 असेल.

विनंती अशी :
1. दि. ____ च्या हप्त्यापासून वरीलप्रमाणे मुदत व हप्ता बदलून मिळावा.
2. या बदलाची नोंद बँक पुनर्रचना म्हणून करणार किंवा कसे, हे मंजुरीपूर्वी लेखी कळवावे.
3. निर्णय होईपर्यंत सध्याचा हप्ता आम्ही भरत राहू.

उत्पन्न पूर्ववत झाल्यावर हप्ता वाढवून घेण्यास आमची तयारी आहे.

दोघांच्या सह्या, पत्ता, मोबाइल
सोबत : कार्यमुक्ती पत्र, दोघांच्या शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचे खाते उतारे, खर्चाचा तपशील"

मराठीतच द्या, शाखेत चालतं. पण लोन सेंटरला बसलेला अधिकारी बाहेरच्या राज्यातला असू शकतो, म्हणून खाली इंग्रजी प्रत जोडा. शाखेच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

ठाणेकर78

सव्वा लाखाचा आकडा लिहायचाच कशाला? बँक म्हणेल, पैसे आहेत ना, मग भरा की चार महिने.

खातेवही

म्हणेलही. पण न लिहिता 24,500 मध्ये 26,870 कसे बसवणार? टिपणात तीच ओळ पहिली खटकते. आणि ती रक्कम उद्या याच खात्यात जमा होणार, तेव्हा ती दिसतेच. त्यापेक्षा ती कशासाठी राखली आहे हे आपणच सांगावं.

आणखी एक. अधिकारी खाते उतारा ओळीने वाचतो. त्यात दरमहा एसआयपी जात असेल तर "पैसे पुरत नाहीत" हे वाक्य तिथेच पडतं. आधी ती थांबवा.

ठाणेकर78

मला अजून पटलं नाही, पण ठीक. आपण कशाला आडवं जा.

सुमेधा_ऐरोली

एसआयपी 3 हजारांची आहे, ती मी साडेएकतीसमध्ये धरली नव्हती. आजच बंद करते. एक अडचण आहे. कंपनीने नवऱ्याकडून राजीनामा लिहून घेतला. कार्यमुक्ती पत्रात "रिझाइन्ड" आहे. बँकेला "काढून टाकले" असं लिहू का?

अनघा_पाचपाखाडी

नका लिहू, कागद एक आणि पत्र दुसरं असं होईल. मी एचआरमध्ये आहे. विभाग बंद झाल्याचा कंपनीचा मेल असेल तर तो जोडा. मसुद्यात "विभाग बंद झाल्याने नोकरी गेली" आहे, ते दोन्ही कागदांशी जुळतं. नसेल तर मॅनेजरकडून एका ओळीचा मेल मागा, बरेच जण देतात.

आणि घरकर्जासोबत विमा घेतला असेल तर पॉलिसी उघडून बघा. काहींत नोकरी गेल्यास ठरावीक हप्ते विमा कंपनी भरते. पण राजीनाम्याला बहुतेक लागू होत नाही. तुमच्या बाबतीत तिथेच गाडी अडेल असं वाटतं.

मिलिंद_घोडबंदर

एक हप्ता चुकला तर लगेच काय होतं? 90 दिवस असतात ना हातात?

खातेवही

90 दिवस एनपीए व्हायला. त्याआधी बरंच काही होतं. हप्ता चुकला त्याच दिवसापासून खातं एसएमए-0 मध्ये, म्हणजे थकबाकीच्या इशाऱ्याच्या पहिल्या पायरीवर जातं, 30 दिवस ओलांडले की एसएमए-1, 60 ओलांडले की एसएमए-2. बाउन्सचा आकार आणि दंडशुल्क वेगळं. पूर्वी दंडव्याज लावून त्यावरही व्याज चढवायचे, 2024 पासून ते बंद झालं. आता दंड शुल्क म्हणूनच लागतो आणि त्यावर व्याज चढत नाही. आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परतला तर 2007 च्या पेमेंट सिस्टिम कायद्याखाली चेक बाउन्ससारखी तक्रारही होऊ शकते. म्हणून पैसे कमी पडणार असतील तर तारखेआधी शाखेला कळवा.

आणि एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते वर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. सुमेधाताई आज ज्या जागी आहेत तिथून बोलणं सोपं आहे. दोन हप्ते चुकल्यावर हेच पत्र वसुली विभागात जातं आणि तिथला सूर वेगळा असतो.

पामबीच

बँकेने नाहीच म्हटलं तर? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं?

खातेवही

उत्तरच आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तिला 30 दिवस झाले की cms.rbi.org.in वर जाता येतं. पण मुदत वाढवायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरतात आणि त्यात लोकपाल पडत नाही. पत्राला उत्तर न देणं, चुकीचं शुल्क लावणं, सिबिलला चुकीची नोंद पाठवणं, यासाठी तो उपयोगी.

सुमेधा_ऐरोली

अपडेट. कन्व्हर्जन झालं. शुल्क आणि जीएसटी भरला. पहिल्या पत्रात त्यांनी खरंच हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली होती. हिशोबींनी सांगितल्याप्रमाणे अर्जावर लिहिलेलं दाखवलं, तेव्हा बदलून 30,950 केला.

मुदतवाढीचं पत्र शाखेत दिलं, शिक्का घेतला. मॅनेजर म्हणाले 264 कठीण, 240 पर्यंत शाखेच्या पातळीवर बसू शकेल. पुनर्रचनेची नोंद होणार का, यावर "विचारून सांगतो" म्हणाले. मी म्हटलं, लेखी सांगा. नवऱ्याला कळंबोलीच्या एका फर्ममध्ये बोलावलंय, पण पगार 40 च्या आत असेल असं दिसतं.

हिशोबी

7.75 ने 240 महिन्यांना हप्ता 27,912. तुमच्या 24,500 पासून फट 3,412. पगार 35 जरी आला तरी गाळेवाल्यांचे 15 बंद होऊन उत्पन्न 76 हजार होईल. मग 30,950 सुद्धा जाईल, मुदत वाढवायची गरजच नाही.

खातेवही

बरोबर. त्यामुळे लेखी उत्तर येईपर्यंत मंजुरीपत्रावर सही करू नका. नोकरी पक्की झाली तर दोन ओळींचं पत्र देऊन मागणी मागे घ्या, त्याचीही पोच घ्या. नाही झाली आणि बँकेने "पुनर्रचना नाही" असं लिहून दिलं तर 240 घ्या. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीला शुल्क नसतं, पुढे बोनस वगैरे आला की मुद्दलात टाकता येईल.

अनघा_पाचपाखाडी

आणि "पुनर्रचना आहे" असं लिहून आलं तर?

खातेवही

तर माझं मत, फुल अँड फायनलच्या पैशांवर 30,950 चा हप्ता रेटावा. फट 6,450 ची, सव्वा लाखाला एकोणीस महिने पुरतात. पण ते पैसे अजून आलेले नाहीत, आणि सासूबाईंची औषधं आहेत. इथे मी त्यांच्या जागी बसून ठरवू शकत नाही.

सुमेधा_ऐरोली

मॅनेजरांनी पुढच्या सोमवारी बोलावलंय. काय लिहून देतात ते इथे टाकते.